चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण: कारण कसं शोधायचं आणि मुळापासून कसं काढायचं

लॅपटॉप बॅटरीवर असला की आवाज स्वच्छ येतो आणि चार्जर लावला की मागे झर्रर्र सुरू होतं. बहुतेक जण मग रेकॉर्डिंग झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये ती भुणभुण काढायला बसतात. भाषण असेल तर ते कसंबसं निभावतं. भजन असेल तर निभावत नाही, कारण ही भुणभुण एकाच सुरात नसते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून भुणभुण ५०, १००, १५०, २००, २५० अशी वर किलोहर्ट्झपर्यंत पायरीपायरीने पसरलेली असते, आणि पेटीचे सूरही त्याच पट्ट्यात असतात. भुणभुण काढताना पेटीचाही काही भाग कापला जातो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून ती तारेत शिरते तिथेच थांबवायला हवी.

या लेखात एकच मांडणी घेतली आहे, कारण गावोगावी तीच दिसते: देवळाच्या सभामंडपात खंजेरी भजन चाललं आहे, माइक मिक्सर-अॅम्प्लिफायरला लावले आहेत, मिक्सरच्या मागच्या रेकॉर्ड आउटमधून आरसीए केबल निघून छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये येते आणि इंटरफेस लॅपटॉपला जोडला आहे. घरात एकटा माइक लावून गोष्टी किंवा मुलाखती रेकॉर्ड करणाऱ्यांनाही तपासणीचा बराच भाग जसाच्या तसा लागू पडतो.

भुणभुण येते कुठून

लॅपटॉपच्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपकडे जाणारी १९-२० व्होल्टची बाजू एकमेकींपासून वेगळ्या ठेवलेल्या असतात. पण चार्जर आतून फार वेगाने चालू-बंद होत असतो. त्याचा कचरा रेडिओ-टीव्हीत जाऊ नये म्हणून आत लहान कपॅसिटर बसवलेले असतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. त्यांच्यातून थोडासा करंट सतत गळतो. हा बिघाड नाही, चार्जरची रचनाच तशी आहे. थ्री पिन चार्जरमध्ये तो करंट अर्थच्या पिनवाटे जमिनीत जावा असं गृहीत धरलेलं असतं.

अर्थची वाट कुठे तुटलेली असेल तर तोच करंट लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर साचतो. लॅपटॉपच्या स्क्रूला उलटा हात हलकेच फिरवला तर खरखरीत, मुंग्या आल्यासारखं लागतं ते यामुळेच. मल्टिमीटरने लॅपटॉपचं धातूचं अंग आणि जमीन यांच्यामध्ये मोजलं तर शंभर व्होल्टच्या आसपास आकडा दिसू शकतो. करंट अगदी थोडा असल्याने झटका बसत नाही, पण त्याला जमिनीत जायचं असतंच. मिक्सर दुसऱ्या, चांगल्या अर्थच्या बोर्डावर असेल तर लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत धातूची एकच वाट उरते, ती म्हणजे तुमच्या ऑडिओ केबलची जाळी.

आरसीए केबलमध्ये ती जाळीच आवाजाची परतीची तार असते. जाळीतून परका करंट वाहिला की जाळीच्या रेझिस्टन्सवर थोडा व्होल्टेज तयार होतो, आणि इंटरफेसला तो आवाजाचाच भाग वाटतो. समजा गळती ०.३ मिलिअँपिअर आहे आणि केबल पातळ, टोकाची पिन काळी पडलेली, म्हणून जाळीचा रेझिस्टन्स ३ ओहम आहे. गुणाकार करा: जवळजवळ १ मिलिव्होल्ट. रेकॉर्ड आउटचा आवाज साधारण ३०० मिलिव्होल्टचा असतो. भुणभुण त्याच्या तीनशेव्या हिश्श्याएवढी, म्हणजे आवाजाखाली ५० डीबी. खंजेरी जोरात वाजते तेव्हा ती दबून जाते. दोन अभंगांमधल्या शांततेत स्पष्ट ऐकू येते.

हे समजलं की बाकीची सगळी तपासणी एका प्रश्नाभोवती फिरते: गळलेला करंट जमिनीत कुठल्या वाटेने जातोय?

तपासणी: एका वेळी एकच बदल

तपासणी सुरू करण्याआधी मिक्सरचा मास्टर आवाज पूर्ण खाली करा. तारा काढता-लावताना स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो आणि ट्वीटर जातात. इंटरफेसचा गेन मात्र प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला असतो तिथेच ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. सगळे माइक बंद ठेवून प्रत्येक वेळी १०-१० सेकंद रेकॉर्ड करा आणि त्या तुकड्याला नाव द्या.

पहिला तुकडा बॅटरीवर घ्या. चार्जर लॅपटॉपमधूनच काढा, नुसतं बटण बंद करू नका. कित्येक बोर्डांवर फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. तिथे बटण बंद केलं तरी चार्जरला फेज मिळत राहतो आणि गळती चालूच असते.

दुसरा तुकडा चार्जर लावून. भुणभुण इथेच आली तर चार्जरच्या वाटेचं काम आहे हे पक्कं झालं. बॅटरीवरही तेवढीच होती तर चार्जरचा दोष नाही. मग पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा किंवा मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेलेली केबल यांच्याकडे बघा. एकेक बंद करून, दूर करून ऐका.

तिसरा तुकडा चार्जर तसाच ठेवून, पण आरसीए केबल मिक्सरच्या बाजूने काढून. भुणभुण पूर्ण गेली तर करंट केबलमधूनच मिक्सरकडे जात होता. लॅपटॉपही ठीक, इंटरफेसही ठीक, दोष जोडणीत आहे.

चौथा तुकडा केबल परत लावून, लॅपटॉपच्या उघड्या धातूला किंवा इंटरफेसच्या धातूच्या डब्याला बोट लावून. बोट लावल्यावर भुणभुण कमी झाली तर तुमचं शरीर करंटला दुसरी वाट देतंय, म्हणजे अर्थ मिळतच नाहीये. काहीच फरक पडला नाही आणि आवाज झर्र नसून खालच्या पट्टीतला, भरीव घुंऽऽ असा असेल तर अर्थ बहुधा आहे, पण दोन ठिकाणी आहे. त्याचं पुढे येईल. बोट लावताना मुंग्यांच्या पलीकडे, हात झटकावा असा झटका जाणवला तर तपासणी तिथेच थांबवा, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. ते गळतीचं प्रकरण नाही.

कानावर भरवसा नसेल तर Audacity मध्ये तुकडा निवडून `Analyze > Plot Spectrum` उघडा आणि `Size` १६३८४ ठेवा, म्हणजे शेजारशेजारचे सुळके वेगळे दिसतील. एकटाच ५०चा मोठा सुळका म्हणजे घुंऽऽ. १००, १५०, २०० अशी लांब कंगव्यासारखी रांग म्हणजे झर्र. आणि सुळके १०००, २०००, ३००० वर असतील तर ही वेगळीच गोष्ट आहे: तो यूएसबीचा आवाज. यूएसबीवर माहितीचे गठ्ठे सेकंदाला हजार वेळा जातात आणि त्यांची कुरकुर इंटरफेसच्या वीजपुरवठ्यातून आत येते. त्याला अर्थिंगचा उपाय लागत नाही. दुसरं पोर्ट, आखूड यूएसबी केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावून बघावं लागतं.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

सभामंडपात मिक्सर-अॅम्प स्टेजजवळच्या बोर्डावर आहे. लॅपटॉपवाला माणूस गर्दीपासून दूर, गाभाऱ्याच्या बाजूला बसला आहे आणि त्याने तिथल्या बोर्डावरून एक्स्टेंशन घेतलं आहे. त्याच एक्स्टेंशनवर एलईडी माळेचा अडॅप्टर आणि सीसीटीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर आहे. समजा तुकडे असे निघाले: बॅटरीवर रेकॉर्डिंगचं लेव्हल मीटर -६८ डीबीला, चार्जर लावला की -४४, केबल मिक्सरमधून काढली की परत -६८, आणि बोट लावलं की -५१. सुळक्यांची रांग लांब. यावरून एकच निष्कर्ष निघतो: लॅपटॉपला अर्थ मिळत नाही.

आता एक्स्टेंशन हातात घ्या. वर थ्री पिन सॉकेट, टोकाला थ्री पिन प्लग, सगळं जागेवर. पण वायर बघा. गोल आणि जाडसर नसून चपटी किंवा पिळाची, आत दोनच तारा. प्लग बोर्डातून काढून उघडला तर मोठ्या पिनचा स्क्रू कोरा चकचकीत दिसतो, त्याला कधी तार लागलेलीच नाही. लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या संगणक खोलीपर्यंत असली एक्स्टेंशनं सर्रास सापडतात. पंखा, दिवा, मोबाइल सगळं त्यावर चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा एक्स्टेंशनवर आणखी एक गोष्ट घडते, जी सहसा कुणाला सुचत नाही. आत सगळ्या सॉकेटांची अर्थची भोकं एका पट्टीने एकमेकांना जोडलेली असतात, फक्त ती पट्टी पुढे कुठे जात नाही. त्यामुळे सीसीटीव्हीचा अडॅप्टर थ्री पिन असेल तर त्याचीही गळती त्या पट्टीवर येते, तुमच्या चार्जरच्या गळतीत मिसळते आणि दोन्ही मिळून तुमच्या ऑडिओ केबलमधून मिक्सरकडे जातात. शेजारचा अडॅप्टर काढल्यावर भुणभुण थोडी उतरली तर हेच कारण. लोक मग त्या अडॅप्टरला दोष देतात, पण दोष पट्टीचा आहे.

दुरुस्तीला तीन तारांची १ स्क्वेअर मिलिमीटरची लवचिक तांब्याची वायर आणि ६ अँपिअरचा चांगला थ्री पिन प्लग लागतो. लांबी मोजूनच घ्या. वीस मीटरची गुंडाळी मांडून ठेवू नका. तपकिरी तार फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला, म्हणजे मोठ्या पिनला. प्लगच्या आत अर्थची तार बाकी दोघींपेक्षा दोन सेंटिमीटर लांब सोडा. कुणाचा पाय अडकून वायर ओढली गेली तर आधी फेज तुटतो, अर्थ सगळ्यात शेवटी. वायरच्या बाहेरच्या आवरणावरची पकड घट्ट बसवा, स्क्रूवर ताण येता कामा नये. प्लग बोर्डात न लावताच मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगची मोठी पिन आणि सॉकेटचं मोठं भोक यांच्यात मोजा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. बाकी एक ओहमच्या आत यायला हवी.

तार बदलायची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या, पण ते करताना शेजारी उभे राहा आणि अर्थ जोडलेला डोळ्यांनी बघा. "करून देतो" म्हणून पुन्हा दोनच तारा लावल्याचे प्रकार होतात.

बोर्डातच अर्थ नसेल तर

एक्स्टेंशन ठीक असूनही भुणभुण तशीच असेल तर बोर्ड मोजायला हवा. मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवा, हात कोरडे, पायात चप्पल, बोटं सुयांच्या प्लास्टिकवरच. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर मोठं भोक वर अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल असायला हवं.

फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थही जवळपास तेवढाच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट असं आलं तर प्रथमदर्शनी ठीक. फेज ते अर्थ १२० आणि न्यूट्रल ते अर्थ ९० असे अधांतरी आकडे आले तर अर्थची तार हवेत लटकते आहे. न्यूट्रल ते अर्थ, बोर्डावर इस्त्रीसारखा मोठा लोड चालू असतानाही, नेमका शून्य आला तर जपा: कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ तुकड्याने जोडलेले असू शकतात. भुणभुण जावी म्हणून हा तुकडा टाकला जातो, आणि खरंच ती थोडी कमीही होते. पण पुढे खांबाकडे न्यूट्रल तुटला की त्या बोर्डावरच्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर पूर्ण फेज येतो: लॅपटॉपवर, मिक्सरवर, माइकच्या जाळीवर, गाणाऱ्याच्या ओठांपाशी. असा तुकडा दिसला तर आधी तो काढून घ्या, रेकॉर्डिंग नंतर.

निऑन टेस्टर अर्थच्या भोकात लखलखीत पेटला तर तेही थांबायचंच लक्षण. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रातला फेज अर्थच्या तारेवर आला आहे. मंद पेटला तर बहुधा गळती आहे, पण नुसत्या उजेडावरून नक्की ठरवता येत नाही.

मल्टिमीटरचा एक मोठा दोष लक्षात ठेवायला हवा. तो मोजताना जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या, नावापुरत्या अर्थवरही २३० दाखवतो. खरी परीक्षा लोड टाकूनच होते, नाहीतर अर्थ टेस्टरने. वायरमन १०० वॉटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून बघतात. पूर्ण प्रकाश म्हणजे बरा, लालसर म्हणजे वाईट. हे तुम्ही करू नका. अर्थ खराब असेल तर तेवढ्या वेळात घरातल्या सगळ्या धातूच्या डब्यांवर करंट चढतो, आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला असेल तर तो लगेच पडतो.

अर्थ सापडत नसेल तर तारेवर नजर ठेवून, तिला हात न लावता, बोर्डापासून जमिनीपर्यंत चालत जा. ती बऱ्याचदा तीनपैकी एका ठिकाणी तुटलेली सापडते. मीटरच्या पेटीखाली, जिथे रंगकामात कुणीतरी ती वाकवून बाजूला केली. नळाच्या पाइपाला, जिथे पूर्वी लोखंडी पाइप होता आणि पाणीपुरवठ्याचं काम झालं तेव्हा पीव्हीसीचा आला. तार अजून तशीच गुंडाळलेली आहे, पण प्लास्टिकला. आणि खड्ड्याच्या तोंडाशी, जिथे क्लॅम्प गंजून भुगा झालेला असतो. वायरब्रशने घासून नवीन क्लॅम्प घट्ट बसवणं हे कित्येकदा पुरेसं असतं.

खड्डाच नसेल तर आपल्याकडे भारतीय मानक आयएस ३०४३ प्रमाणे साधा पाइप अर्थिंगचा खड्डा करतात: ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, २.५ मीटर खोल, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. घरगुती कामाला रेझिस्टन्स साधारण ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. इथे विदर्भाची माती लक्षात घ्यायला हवी. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडची काळी कपाशीची जमीन ओली असेपर्यंत अर्थिंगला फार चांगली. पण एप्रिल-मेमध्ये तीच वाळून आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि माती पाइपापासून सुटते. पावसाळ्यात शांत असलेली भुणभुण उन्हाळ्यातल्या सप्ताहात अचानक येते त्यामागे पुष्कळदा हेच असतं. तिथे रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी नरसाळ्यात दोन-तीन बादल्या पाणी सोडा. सकाळी फरक कळतो. मुरमाड, खडकाळ जागेवर मात्र एवढ्याने भागत नाही, तिथे दुसरा पाइप टाकून दोन्ही जोडावे लागतात.

अर्थ मिळाला आणि आवाज बदलला

उदाहरणातलं एक्स्टेंशन दुरुस्त झालं. चार्जर लावला. झर्र गेलं, पण आता खालून घुंऽऽ येतंय, मीटर -५२ डीबीला. इथे बरेच जण चिडतात आणि दुरुस्ती उलटवतात. घाई करू नका. पहिला दोष गेला आहे; दुसरा त्याच्यामागे झाकलेला होता.

आता लॅपटॉपला गाभाऱ्याच्या बोर्डाचा अर्थ मिळतो आणि मिक्सरला स्टेजच्या बोर्डाचा. दोन्ही अर्थ जमिनीत वेगवेगळ्या ठिकाणी जातात आणि त्यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक असतो. ऑडिओ केबलने दोघांना जोडलं की तारेचं एक मोठं कडं पूर्ण होतं आणि त्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो, पुन्हा जाळीतूनच. याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपवर हात ठेवला तरी यात फरक पडत नाही, कारण अर्थ आधीच चांगला आहे.

उपाय जवळजवळ फुकट आहे: एक्स्टेंशन गाभाऱ्याच्या बोर्डातून काढून मिक्सरच्याच बोर्डात लावा. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर आणि मिक्सर-अॅम्प मिळून ६ अँपिअरच्या सॉकेटच्या मर्यादेत आरामात बसतात. दोघांचे अर्थ एकाच जागी भेटले की फरकच उरत नाही. वीजेची वायर आणि ऑडिओ केबल जवळून, पण एकमेकींत न गुंडाळता न्या. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. लांबची केबल लागत असेल तर ऑडिओ केबल लांब करण्यापेक्षा माणसालाच स्टेजजवळ बसवा आणि यूएसबी केबल आखूड ठेवा. उदाहरणात या एका बदलाने मीटर -६३ला उतरेल असं धरायला हरकत नाही.

राहिलेल्या थोड्या भुणभुणीला केबल बदलून हात घाला. इंटरफेसची इनपुट बॅलन्स्ड असेल, आणि ६.३५ मिलिमीटरच्या लाइन इनपुटवर ती बहुधा असते, तर दोन तारा आणि वर जाळी असलेली माइकची केबल घ्या. इंटरफेसच्या बाजूला तीन कड्यांची जॅकपिन लावा: पहिली तार टोकाला, दुसरी तार मधल्या कड्याला, जाळी मागच्या भागाला. मिक्सरच्या बाजूला आरसीए पिनच्या मधल्या दांडीला पहिली तार, आणि बाहेरच्या कड्याला दुसरी तार व जाळी दोन्ही एकत्र. आता गळलेला करंट जाळीतून वाहतो, आवाज मात्र दोन आतल्या तारांवरून येतो आणि इंटरफेस त्या दोघींमधला फरक तेवढा ऐकतो. जाळीवर काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं राहत नाही. बाजारातली तयार आरसीए ते जॅक केबल यासाठी चालत नाही; तिच्यात मधलं कडं आतूनच जाळीला जोडलेलं असतं किंवा पिनलाच दोन कडी असतात. सोल्डरिंग येणाऱ्या कुणाकडूनही अर्ध्या तासात ही केबल बनते आणि वर्षानुवर्षं उपयोगी पडते.

ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. तिच्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात आणि ती लूप खरंच तोडते. पण स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मरचा गाभा एवढासा असतो की जोरदार खालच्या आवाजाला तो भरून जातो. तबल्याच्या बायाँचा घुमारा आणि ढोलकीची धुम पातळ होते. ती लाइन लेव्हलच्या तारेत लावायची असते. माइकच्या तारेत लावली तर आवाज बिघडतो आणि फँटम पॉवर अडते. म्हणून ती शेवटचा पर्याय: बोर्ड बदलता येत नाही, केबल बनवायला वेळ नाही आणि कार्यक्रम तासाभरात आहे तेव्हा.

टू पिन चार्जर असेल तर

काही चार्जरांना अर्थची पिनच नसते. त्यांच्या बाबतीत बोर्डाचं अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी लॅपटॉप अधांतरीच राहतो आणि गळती केबलमधूनच जाते. थ्री पिन चार्जरही तपासून घ्या, कारण काहींची मोठी पिन आत कुठेच जोडलेली नसते. चार्जर भिंतीतून काढा, मीटर ओहमवर ठेवा, एक सुई मोठ्या पिनला आणि दुसरी लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या गोल पिनच्या बाहेरच्या धातूला लावा. टाइप सी असेल तर तिच्या धातूच्या कवचाला लावा. शून्याजवळ किंवा हजारभर ओहम आलं तर वाट आहे. काहीच आलं नाही तर त्या चार्जरकडून अर्थची अपेक्षा ठेवू नका. तेवढेच व्होल्ट आणि तेवढे किंवा जास्त अँपिअर देणारा, अर्थ जोडलेला चार्जर घ्या. नवीन घेईपर्यंत वर सांगितलेली दोन तारांची केबल बऱ्यापैकी काम देते, आणि अर्ध्या तासाचं भजन असेल तर बॅटरी पूर्ण भरून चार्जर काढून ठेवणं सगळ्यात स्वच्छ.

थ्री पिन चार्जरची मोठी पिन कापणं किंवा तिला टू पिन अडॅप्टर लावणं हा उपाय सांगणारे भेटतील. लूप असेल तेव्हा त्याने घुंऽऽ जातंही. पण त्या चार्जरमध्ये कधी आतून बिघाड झाला तर फ्यूज उडवणारी वाटच राहत नाही, आणि तेव्हा फेज तुमच्या माइकपर्यंत येतो. पिन कापायची नाही.

वीज गेली आणि इन्व्हर्टर लागला

सगळं दुरुस्त झालं आणि वीज जाऊन इन्व्हर्टर लागल्यावर भुणभुण दुप्पट झाली तर अर्थिंग पुन्हा खोदायला घेऊ नका. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर गोल लाट न देता पायरीची, चौकोनी लाट देतो. प्रत्येक पायरीच्या कडेला चार्जरच्या वाय कपॅसिटरमधून करंटचा झटका जातो, म्हणून सुळक्यांची रांग जास्त उंच आणि लांब होते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हे होत नाही. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल तर वीज जाताच चार्जर लॅपटॉपमधून काढून घ्यायचा आणि बॅटरीवर चालू राहायचं. मिक्सरची भुणभुण मात्र त्यात उरू शकते, कारण तो अजून इन्व्हर्टरवरच असतो.

उदाहरणातल्या सभामंडपात शेवटचा तुकडा असा घ्यायचा: चार्जर लावलेला, एक्स्टेंशन मिक्सरच्या बोर्डात, नवी केबल, सगळे पंखे चालू, माळ चालू. मीटर बॅटरीवरच्या -६८ पासून एक-दोन डीबीच्या आत आलं की काम झालं. एक्स्टेंशनवर खडूने नाही, पक्क्या शाईने "तीन तारा, अर्थ तपासला" आणि तारीख लिहून ठेवा, कारण पुढच्या सप्ताहाला ते दुसऱ्याच कुणाच्या हातात असेल. आणि मेमध्ये, भेगा पडल्यावर, चार्जर लावलेल्या आणि बॅटरीवरच्या तुकड्यांची जोडी पुन्हा एकदा घेऊन बघा.